सुझुकी कपलिंग: ब्रोमाइड उरतं आणि बोरोनिक ॲसिड नाहीसं होतं तेव्हा

प्रश्न: रबाळ्याला एका कॉन्ट्रॅक्ट रिसर्च लॅबमध्ये आहे. ४-ब्रोमोॲनिसोल आणि फेनिलबोरोनिक ॲसिडचं सुझुकी छान गेलं, नव्वदच्या आसपास यील्ड. त्याच कंडिशनला (Pd(PPh3)4 ५ मोल टक्के, K2CO3 २ इक्विव्हॅलंट, डायॉक्सेन-पाणी ४:१, १०० अंश, रात्रभर) २,६-डायफ्लुओरोफेनिलबोरोनिक ॲसिड लावलं तर ब्रोमाइड तसंच उरतं, प्रॉडक्ट जेमतेम १५ टक्के. बोरोनिक १.२ चं १.५ केलं, पॅलेडियम १० टक्के केलं, फार फरक नाही. सर म्हणतात ऑक्सिडेटिव्ह ॲडिशन होत नाहीये, आयोडाइड घ्या. सायकलची नक्की कोणती पायरी अडतेय हे ओळखायचं कसं? हेच बोरोनिक पुढे आठ-दहा ब्रोमाइडांवर लावायचंय.

उत्तर:

तुमचे सर अर्धे बरोबर आहेत, आणि तो अर्धा भाग महत्त्वाचा आहे, म्हणून आधी उरलेला अर्धा बाजूला काढू.

ऑक्सिडेटिव्ह ॲडिशन म्हणजे पॅलेडियम शून्य तुमच्या ब्रोमाइडच्या कार्बन-ब्रोमीन बंधात घुसतं ती पायरी. त्या क्षणी पॅलेडियमला समोर कुठलं बोरोनिक ॲसिड ठेवलंय याचा पत्ताही नसतो. तेच ब्रोमाइड, तेच लिगँड, तेच तापमान असताना फेनिलबोरोनिकसोबत नव्वद टक्के माल मिळाला, म्हणजे ही पायरी १०० अंशाला चालते. बदललंय फक्त बोरोनिक ॲसिड, तेव्हा गडबड त्याच्या बाजूला शोधायची. माझ्या मते तुमच्या फ्लास्कमध्ये सायकलची कुठलीही पायरी बंद पडलेली नाही. बोरोनिक ॲसिडची पाळी येईपर्यंत ते शिल्लकच राहत नाही. बेस आणि उष्णता मिळून त्याचा कार्बन-बोरॉन बंध तोडतात, तिथे हायड्रोजन येऊन बसतो, आणि तुमच्या महागड्या बोरोनिकचं १,३-डायफ्लुओरोबेंझिन होतं. यालाच प्रोटोडिबोरोनेशन म्हणतात. सकाळी तुम्ही टीएलसी लावता तेव्हा ब्रोमाइड तसंच दिसतं आणि पॅलेडियमवर आळ येतो.

आता सायकल तुमच्याच रेणूंवर चालवून बघू, म्हणजे कुठे किती वेळ जातो ते कळेल.

Pd(PPh3)4 जसं बाटलीत असतं तसं कामाचं नसतं. चार फॉस्फिन अंगावर असताना पॅलेडियमला जागाच नसते. द्रावणात त्यातले दोन सुटतात आणि Pd(PPh3)2 तयार होतं, तेच खरं काम करतं. सुटलेलं फॉस्फिन मात्र फ्लास्कमध्येच फिरत असतं आणि परत येऊन बसू शकतं. तुम्ही पॅलेडियम दुप्पट केलंत तेव्हा मोकळं फॉस्फिनही दुप्पट झालं, त्यामुळे काम करणारं पॅलेडियम दुपटीने वाढलं नाही. 'फार फरक नाही' यातला एक भाग हा आहे.

पुढे ऑक्सिडेटिव्ह ॲडिशन. फेनिल रिंगवरचा कार्बन-आयोडीन बंध तोडायला मोलमागे साधारण ६५ किलोकॅलरी लागतात, कार्बन-ब्रोमीनला ८१ आणि कार्बन-क्लोरीनला ९६. म्हणून आयोडाइड लवकर, ब्रोमाइड त्यानंतर आणि क्लोराइड बहुतेक वेळा खास लिगँड असेल तरच. त्यात तुमच्या ब्रोमाइडवर पॅराला मेथॉक्सी आहे. तो रिंगमध्ये इलेक्ट्रॉन ढकलतो आणि पॅलेडियमलाही इलेक्ट्रॉनच द्यायचे असतात, त्यामुळे ४-ब्रोमोॲनिसोलसारखी ब्रोमाइडं या पायरीला मंद असतात. ट्रायफेनिलफॉस्फिन घेऊन हे काम रूम टेंपरेचरला धड होत नाही, तापवावंच लागतं. सरांचा अर्धा बरोबर भाग हा: पायरी अडलेली नाही, पण संथ आहे, आणि तिच्यामुळेच तुम्हाला १०० अंशाला जावं लागतंय. फेनिलबोरोनिकला त्याचं काही वाटत नाही, ते कार्बोनेटमध्ये तासन्‌तास टिकतं. डायफ्लुओरो टिकत नाही.

तिसरी पायरी ट्रान्समेटलेशन. बोरॉनवरचा अरिल गट पॅलेडियमवर जातो. इथे थोडं थांबतो, कारण बेस नेमकं काय करतो हे समजलं नाही तर पुढचा उपाय नुसती रेसिपी होऊन बसेल. होक्काइदो विद्यापीठात सुझुकी आणि मियाउरा यांनी १९७९ मध्ये हे कपलिंग दाखवलं ते अल्केनिल बोरॉन संयुगांवर. अरिल बोरोनिक ॲसिड आणि अरिल हॅलाइड जोडण्याचं काम १९८१ चं, Pd(PPh3)4, सोडियम कार्बोनेटचं पाणी आणि बेंझिन घेऊन. बेसशिवाय गाडी हलत नाही हे तेव्हापासून माहीत होतं. बेस काय करतो याचं उत्तर बरीच वर्षं असं दिलं जायचं की हायड्रॉक्साइड बोरॉनवर बसतो, ऋणभारित बोरोनेट तयार होतं आणि ते पॅलेडियम-ब्रोमाइडवर हल्ला करतं. बऱ्याच क्लासच्या नोट्समध्ये अजून एवढंच असतं.

दुसरा मार्ग असा, की हायड्रॉक्साइड आधी पॅलेडियमवरचा ब्रोमाइड हटवून स्वतः बसतो आणि तयार झालेला पॅलेडियम-हायड्रॉक्सो कॉम्प्लेक्स साध्या, उदासीन बोरोनिक ॲसिडशी भिडतो. कॅरो आणि हार्टविग यांनी २०११ मध्ये ट्रायफेनिलफॉस्फिनच्या कॉम्प्लेक्सवर दोन्ही मार्गांचा वेग वेगवेगळा मोजला. हायड्रॉक्सो कॉम्प्लेक्स आणि बोरोनिक ॲसिड ही जोडी हॅलाइड कॉम्प्लेक्स आणि बोरोनेट या जोडीपेक्षा सुमारे दहा हजार पट वेगवान निघाली. त्याच वर्षी आमातोर आणि जुटां यांनीही हायड्रॉक्साइडची दुहेरी वागणूक दाखवली. तो पॅलेडियमवर बसला तर मदत करतो, बोरॉनवर बसला तर बोरोनिक ॲसिड कामातून काढतो. पुढे २०१६ मध्ये थॉमस आणि डेन्मार्क यांनी खूप कमी तापमानाला एनएमआरमध्ये पॅलेडियम-ऑक्सिजन-बोरॉन असा जोडलेला मधला टप्पा प्रत्यक्ष पाहिला. म्हणजे अरिल गट उडी मारतो तो ऑक्सिजनच्या पुलावर उभा राहून.

तुमच्या केसमध्ये याचा अर्थ सरळ आहे. हायड्रॉक्साइड पॅलेडियमवर हवा आणि बोरॉनवर शक्यतो नको. पण ऑर्थोच्या दोन फ्लोरीनमुळे तुमचं बोरोनिक ॲसिड फेनिलबोरोनिकपेक्षा जास्त आम्लधर्मी झालंय, त्यामुळे बेसी पाण्यात त्याचं बोरोनेट चटकन होतं. त्या बोरोनेटमधून बोरॉन सुटला तर मागे अरिल ऋणायन राहतं, आणि शेजारचे दोन फ्लोरीन नेमकं तेच ऋणायन सांभाळून घेतात. म्हणून इथे बंध आपला आपणच तुटतो आणि पाण्यातला प्रोटॉन नंतर येऊन बसतो. साध्या फेनिलला हा आधार नसतो, म्हणून ते तग धरतं. २-पिरिडिल बोरोनिकचं दुखणं दिसायला असंच, पण कारण वेगळं. तिथे रिंगमधला नायट्रोजन भाग घेतो आणि ७० अंशाला, पीएच ७ लाच अर्धं ॲसिड मिनिटाच्या आत संपतं. ते ज्यांना लागतं त्यांनी हे उत्तर जसंच्या तसं लावू नये.

चौथी पायरी रिडक्टिव्ह एलिमिनेशन. दोन्ही अरिल पॅलेडियमवर शेजारी-शेजारी आले की जोडी जमून बाहेर पडते आणि पॅलेडियम पुन्हा शून्य होतं. बायअरिलमध्ये ही पायरी सहसा त्रास देत नाही. पुढे जाऊ.

आता 'बोरोनिक १.२ चं १.५ केलं' याचा हिशोब. समजा तुमच्या फ्लास्कमध्ये बोरोनिकचं अर्धायुष्य ५ मिनिटं आहे. आकडा उदाहरणापुरता, खरा तुम्हाला मोजायचा आहे. १.५ इक्विव्हॅलंट टाकलं तर ते १.२ वर यायला दीड मिनिट आणि थोडे सेकंद लागतात. म्हणजे पाव भाग जास्त माल घालून तुम्ही पॅलेडियमला दीड मिनिट जास्त दिलंत, रात्र जास्त दिली नाहीत. घातांकाने घटणाऱ्या वस्तूवर सुरुवातीलाच जास्त ओतणं हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी परिणामाचा उपाय आहे, तरी प्रत्येक लॅबमध्ये पहिल्यांदा तोच होतो.

हे माझं म्हणणं खरं मानून पुढे जाऊ नका, तपासा. पॅलेडियम आणि ब्रोमाइड दोन्ही वगळून नुसतं बोरोनिक तापवा. ०.३ मिलिमोल म्हणजे ४७ मिलिग्रॅम ॲसिड, ८३ मिलिग्रॅम K2CO3, ३ मिलिलीटर डायॉक्सेन-पाणी ४:१, आणि मोजायला आधार म्हणून ट्रायफ्लुओरोटोल्युइन, वजन नोंदवून. असं एकाच द्रावणाचं भाग करून चार-पाच छोट्या घट्ट बंद होणाऱ्या व्हायलमध्ये भरा आणि १०० अंशाच्या ब्लॉकवर ठेवा. एक ५ मिनिटांनी, एक १५, एक ३०, एक ६० अशा काढा. बाहेर काढलेली व्हायल आधी बर्फात पूर्ण गार करायची, मग उघडायची आणि थोडं थंड ॲसेटिक ॲसिड घालून बेस मारायचा. घाई केली तर १,३-डायफ्लुओरोबेंझिन उडून जातं, त्याचा उत्कलनबिंदू ८३ अंश आहे, आणि तुम्हाला वाटतं काहीच बनलं नाही. नंतर फ्लोरीन एनएमआर घ्या. ड्युटेरेटेड सॉल्व्हंट नसला तरी चालतं. आधाराचा सिग्नल उणे ६३ पीपीएमजवळ, एकटा, लांब असतो. बोरोनिक आणि डायफ्लुओरोबेंझिन यांचे सिग्नल वेगळे दिसतात, एक घटताना आणि दुसरा वाढताना. आलेख काढलात की अर्धायुष्य हातात येतं. तासाभरानंतरही बोरोनिक जवळपास पूर्ण असेल तर माझं निदान चुकीचं आहे आणि बाटलीकडे किंवा पॅलेडियमकडे वळावं लागेल.

बाटलीचं म्हणाल तर ती तपासणी आधी करून घेतलेली बरी, अर्ध्या तासाचं काम आहे. थोडं ॲसिड डीएमएसओ-डी६ मध्ये घेऊन प्रोटॉन एनएमआर काढा. सिग्नलचे दोन संच दिसले तर घाबरू नका, बोरोनिक ॲसिड पाणी सोडून तीन-तीनच्या कड्या करतं, त्यांना बोरॉक्सिन म्हणतात. एक थेंब D2O घातला की तो संच बहुतेक मिटतो. बोरॉक्सिनही कपलिंगला चालतं, फक्त तुमच्या वजनाचा हिशोब थोडा हलतो.

तुमच्या रात्रभर चाललेल्या रिअॅक्शनचं जे मिश्रण फ्रिजमध्ये असेल, त्याचं जीसी-एमएस परत नीट वाचा. इथे एक गंमत आहे. बहुतेक लॅबमध्ये मशीनचं सॉल्व्हंट डिले सुरुवातीचे तीन-चार मिनिटं डिटेक्टर बंद ठेवतं, आणि १,३-डायफ्लुओरोबेंझिन डायॉक्सेनच्याही आधी निघून जातं. डिले लावलेल्या क्रोमॅटोग्राममध्ये प्रोटोडिबोरोनेशन कधीच दिसणार नाही. वर्क-अप करून रोटावर लावलेलं सॅम्पल असेल तर डायफ्लुओरोबेंझिन पंपातच गेलं. म्हणून क्रूड मिश्रण, वर्क-अप न करता, जड सॉल्व्हंटमध्ये पातळ करून, डिले काढून घाला. ११४ वजनाचा शिखर तुमच्या बोरोनिकचा मृत्यूचा दाखला. १८६ आणि १८८ सारख्या उंचीने दिसले की ते उरलेलं ब्रोमाइड. २२० हे प्रॉडक्ट. २२६ दिसलं तर दोन बोरोनिक एकमेकांना जोडली गेलीत, म्हणजे ऑक्सिजन आत आहे.

आणि १९० शोधा. सरांना दाखवायला याच्यासारखा पुरावा नाही. १९० म्हणजे २,६-डायफ्लुओरोबायफेनिल, पण या रिअॅक्शनमध्ये फेनिलबोरोनिक नाहीच, मग फेनिल आला कुठून? ट्रायफेनिलफॉस्फिनवरून. पॅलेडियम ब्रोमाइडमध्ये घुसून बसलं आणि जोडीदार मिळाला नाही, की तापलेल्या फ्लास्कमध्ये त्याच्यावरचा अरिल आणि फॉस्फिनवरचा फेनिल जागा बदलतात, आणि इलेक्ट्रॉनने श्रीमंत अरिल असेल तर हे जास्त होतं. तो फेनिल मग उरल्यासुरल्या बोरोनिकशी जोडी जमवून बाहेर पडतो. १९० किंवा ॲनिसोलचा १०८ मिळाला तर ऑक्सिडेटिव्ह ॲडिशन झालं होतं हे सिद्ध झालं.

उपाय आता आपोआप दिसतो. बोरोनिकला तापवायचं नाही, आणि तापवायचं नसेल तर ऑक्सिडेटिव्ह ॲडिशन थंडपणी करणारं लिगँड हवं. बुखवाल्डच्या गटाने २०१० मध्ये नेमकं हेच मांडलं: पॉलिफ्लुओरोफेनिल आणि २-हेटरोअरिल बोरोनिक ॲसिडं, एक्सफॉस लिगँड असलेला प्रीकॅटॅलिस्ट, फॉस्फेट बेस, रूम टेंपरेचर ते ४० अंश, अर्धा तास. एक्सफॉस इतकं अवजड आणि इलेक्ट्रॉन देणारं आहे की पॅलेडियमवर एकच लिगँड मावतं, आणि असं एक लिगँडवालं पॅलेडियम ब्रोमाइडमध्येच काय, क्लोराइडमध्येही सहज घुसतं. दुसऱ्या पिढीच्या प्रीकॅटॅलिस्टमध्ये पॅलेडियम २-अमिनोबायफेनिलला बांधलेलं असतं. बेस लागला की तो भाग कार्बाझोल होऊन सुटतो आणि पॅलेडियम शून्य लगेच, तापवल्याशिवाय, कामाला लागतं. जीसी-एमएसमध्ये १६७ दिसला तर तो हा कार्बाझोल, कॅटॅलिस्ट जागा झाल्याची खूण.

१ मिलिमोलला मी असं लावते. १० मिलिलीटरच्या सेप्टमच्या व्हायलमध्ये दुसऱ्या पिढीचा एक्सफॉस प्रीकॅटॅलिस्ट १६ मिलिग्रॅम, म्हणजे २ मोल टक्के, आणि २३७ मिलिग्रॅम बोरोनिक, म्हणजे १.५ इक्विव्हॅलंट. व्हॅक्युम-नायट्रोजन तीनदा. वेगळ्या फ्लास्कमध्ये ०.५ मोलर K3PO4 नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजनमुक्त करून ठेवायचं. टीएचएफही तसंच, पण ते बर्फात ठेवून, नाहीतर अर्धं उडून जातं. मग व्हायलमध्ये सिरिंजने १८७ मिलिग्रॅम ब्रोमोॲनिसोल, म्हणजे ०.१२५ मिलिलीटर, २ मिलिलीटर टीएचएफ, आणि शेवटी ४ मिलिलीटर फॉस्फेट. फॉस्फेट शेवटी, कारण बोरोनिकचं घड्याळ तिथून सुरू होतं. बेस आधी घालून मग टीएचएफ शोधायला जाणाऱ्याचं यील्ड त्या शोधात जातं.

टीएचएफ आणि फॉस्फेटचं पाणी पूर्ण मिसळत नाही, दोन थर राहतात. हायड्रॉक्साइड खालच्या थरात, पॅलेडियम वरच्या. म्हणून स्टरर जोरात हवा, भोवरा दिसेल इतका. छोटा मॅग्नेट तळाशी नुसता थरथरत असेल तर कितीही चांगलं लिगँड उपयोगाचं नाही. तापमानाचंही एक सांगते. पेपरमधलं रूम टेंपरेचर आणि मे महिन्यात एसी बंद पडलेल्या महापेच्या लॅबमधलं रूम टेंपरेचर यात दहा अंशांचा फरक सहज असतो, तेव्हा व्हायल पाण्याच्या बाथमध्ये २५ अंशाला ठेवा आणि थर्मामीटर बाथमध्ये बुडवा. पावसाळ्यात K3PO4 ची उघडी बाटली दमट होऊन ढेकळं बांधते, त्यावरून ०.५ मोलर काढलं तर ते ०.५ नसतं. मी अशा वेळी नवीन बाटली फोडते किंवा केलेलं द्रावण टायट्रेट करून घेते.

दहा मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने सॅम्पल काढा. टीएलसीवर भरवसा नको, ब्रोमोॲनिसोल आणि प्रॉडक्ट दोन्ही कमी ध्रुवीय आहेत आणि जवळजवळ लागतात. जीसीवर १८६-१८८ ची जोडी अर्ध्या तासात नाहीशी व्हायला हवी. नाही झाली आणि मिश्रण पिवळसर-तपकिरी राहिलं असेल तर ४० अंशाला न्या. काळी पूड दिसायला लागली आणि ब्रोमाइड अजून बाकी असेल तर पॅलेडियम मेलंय, तापवून परत येणार नाही. ऑक्सिजनकडे बघा.

आता एक सापळा, जो टीएचएफ वापरल्यावरच लागतो. व्यापारी टीएचएफमध्ये पेरॉक्साइड होऊ नये म्हणून बीएचटी घातलेलं असतं. बीएचटीचं रेणुभारमान २२०. तुमच्या प्रॉडक्टचंही २२०. बीएचटी एक मिथिल सोडून २०५ देतं, तुमचं मेथॉक्सीसुद्धा एक मिथिल सोडून २०५ देतं. लायब्ररी मॅच न बघता '२२० आला, झालं कपलिंग' असं सांगून मोकळं होणारे मी पाहिलेत. फरक ओळखायचा तो असा: बीएचटीमध्ये सगळ्यात उंच शिखर २०५ असतं आणि ५७ ठळक दिसतो. प्रॉडक्टमध्ये २२० स्वतःच उंच असतं, मग २०५, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघाल्याचा १७७. सगळ्यात सोपं म्हणजे नुसत्या टीएचएफचं ब्लँक त्याच प्रोग्रामवर चालवा आणि त्याची वेळ वहीत लिहून ठेवा. फ्लोरीन एनएमआरमध्ये अर्थात बीएचटी दिसतच नाही, आणि तुमचं प्रॉडक्ट दिसतं.

वर्क-अप साधा. इथिल ॲसिटेट, पाणी, ब्राइन, सुकवणं, मग हेक्झेनमध्ये २ टक्के इथिल ॲसिटेटपासून सिलिका कॉलम. कार्बाझोल जास्त ध्रुवीय आहे, मागे राहतो. माल औषधाच्या शेवटच्या पायऱ्यांत जाणार असेल तर पॅलेडियमचा हिशोब लागतो. तोंडाने घेण्याच्या औषधात दिवसाला १०० मायक्रोग्रॅम ही आयसीएचची मर्यादा आहे. सध्या तुमचा टप्पा तो नाही.

सरांच्या आयोडाइडबद्दल. ४-आयडोॲनिसोल घेतलं तर ऑक्सिडेटिव्ह ॲडिशन नक्की वेगवान होईल आणि तुम्ही ट्रायफेनिलफॉस्फिनवरच ५०-६० अंशाला उतरू शकाल, म्हणजे फायदा आहे, पण तो तापमान उतरवल्याचा. १०० अंशालाच ठेवलंत तर बोरोनिकचं अर्धायुष्य तेवढंच राहतं. शिवाय पॅलेडियमवर आता आयोडाइड आहे. त्याला हटवून हायड्रॉक्साइड बसवणं ब्रोमाइडपेक्षा अवघड, म्हणजे एक पायरी सुटली आणि पुढची थोडी जड झाली. आठ-दहा ब्रोमाइडांची आयोडाइडं विकत घेण्यापेक्षा एक ग्रॅम प्रीकॅटॅलिस्ट स्वस्त पडेल.

बाजू उलटवणं जमत असेल तर मात्र तेच पहिलं करा. १-ब्रोमो-२,६-डायफ्लुओरोबेंझिन आणि ४-मेथॉक्सीफेनिलबोरोनिक ॲसिड. प्रॉडक्ट तोच. फ्लोरीनवाली रिंग आता ब्रोमाइडच्या बाजूला आहे, तिथे इलेक्ट्रॉनची टंचाई फायद्याची ठरते आणि ऑक्सिडेटिव्ह ॲडिशन सोपं होतं. मेथॉक्सीफेनिलबोरोनिक तुमच्या जुन्या कार्बोनेटच्या कंडिशनला मजेत टिकतं. फ्लोरीन आकाराने लहान, त्यामुळे दोन ऑर्थो गटांची अडचण फारशी होत नाही. एकच रेणू जास्त प्रमाणात करायचा असेल तर मी याच मार्गाने जाईन. पण तुम्हाला एकच बोरोनिक अनेक ब्रोमाइडांवर लावायचंय, तिथे प्रत्येक ब्रोमाइडचं बोरोनिक शोधत बसणं परवडत नाही, म्हणून वरचा एक्सफॉसचा मार्ग.

पिनाकोल एस्टर घ्या असंही कुणी सुचवेल. पाणी आणि बेस असलेल्या फ्लास्कमध्ये तो हळूहळू ॲसिडच होतो, तेव्हा तो पळवाट नाही, फक्त उशीर आहे. कधी कधी तेवढा उशीर पुरतो, कारण ॲसिड थोडं थोडं सुटतं आणि पॅलेडियम ते लगेच उचलतं. हेच काम सिरिंज पंपाने जास्त ताब्यात राहून होतं: ब्रोमाइड, कॅटॅलिस्ट आणि बेस तयार ठेवायचं, आणि बोरोनिक टीएचएफमध्ये विरघळवून तासाभरात थेंबथेंब सोडायचं. फ्लास्कमध्ये बोरोनिक कधीच साचत नाही. एखादं हट्टी ब्रोमाइड ४० अंशालाही हललं नाही आणि ६० ला न्यावंच लागलं, तर त्या एकासाठी हा पंप लावा, बाकीच्यांना गरज नाही.

तुमच्या आठ-दहा ब्रोमाइडांची यादी माझ्यासमोर नाही. त्यात मिथिल एस्टर असतील तर २५ अंशाला अर्ध्या तासात फॉस्फेट त्यांना सहसा हात लावत नाही, पण रात्रभर ठेवू नका, ब्रोमाइड संपलं की लगेच थांबवा. पॅलेडियमला चिकटून बसणारे मोकळे अमिनोपिरिडिन असतील ते शेवटी ठेवा. आणि सुरुवात ४-ब्रोमोॲनिसोलपासूनच करा: संथ ब्रोमाइड आणि नाजूक बोरोनिक, दोन्ही एकाच जागी आहेत. ही जोडी २५ अंशाला गेली तर इलेक्ट्रॉनने गरीब ब्रोमाइडांना वेगळी कंडिशन शोधावी लागणार नाही.